पॅकर्स-मूव्हर्सला भरपाईचे पत्र: उशीर आणि मोडतोड एकाच धाग्यात कशी मांडावी

प्रश्न: नागपूरहून पुण्याला घर हलवलं. २ जुलैला सामान भरलं, ६ जुलैपर्यंत पोचवतो म्हणाले आणि आलं २८ जुलैला. टीव्ही फुटलाय, वॉशिंग मशीन धडधडतंय, कपाट खालून फुगलंय, गादीला बुरशी आलीय आणि दोन खोके आलेच नाहीत. उतरवण्याआधी वर चार हजार मागून घेतले. गडबडीत पोचपावतीवर सही केली, तिच्यावर ‘माल सुस्थितीत मिळाला’ असं छापलेलं होतं. आता कंपनी म्हणते की बिल्टीवर ‘ओनर्स रिस्क’ लिहिलंय आणि क्लेम चोवीस तासांत करायचा होता. यांना पत्र कसं लिहू?

उत्तर:

मजकुराच्या आधी कॅलेंडर उघडा. रस्त्याने होणाऱ्या मालवाहतुकीला ‘कॅरेज बाय रोड ॲक्ट, २००७’ लागू होतो. त्याच्या कलम १६ प्रमाणे वाहतूकदारावर दावा लावायचा असेल, तर नुकसानीची लेखी नोटीस आधी त्याच्या हाती पडलेली असावी लागते, आणि तीही माल बुक केल्यापासून १८० दिवसांच्या आत. डिलिव्हरीपासून नव्हे, बुकिंगपासून. लोक सामान आल्याच्या तारखेपासून मोजतात, मधले काही महिने ‘साहेब गावाला गेलेत, पुढच्या आठवड्यात बघतो’ ऐकण्यात जातात आणि मुदत हातची निघून जाते. पुढे ग्राहक आयोगात गेल्यावर कंपनीचा वकील पहिला आक्षेप हाच घेतो.

२ जुलैपासून मोजलं तर १८० वा दिवस २९ डिसेंबरला येतो. पण टोकन म्हणून आगाऊ रक्कम तुम्ही आधीच दिली असेल, समजा २४ जूनला, तर त्याच तारखेपासून मोजा, म्हणजे २१ डिसेंबर. बुकिंग नेमकं कोणत्या दिवशी झालं हा वाद अंगावर घ्यायचं कारण नाही. शेवटच्या दिवसाची वाट तर मुळीच पाहू नका. पत्र या आठवड्यात गेलं पाहिजे, कारण फुटलेल्या वस्तू घरात ठेवून कोणी फार दिवस राहू शकत नाही, आणि त्या गेल्या की पुरावाही गेला.

आता कागद. कोटेशन, बिल, बिल्टी (काही जण तिला एलआर म्हणतात), सामान भरताना केलेली पॅकिंग लिस्ट आणि पोचपावती हे पाच कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवा आणि तीन गोष्टी जुळवून पाहा.

पहिली गोष्ट नाव. कोटेशनवर एक नाव, पैसे गेलेल्या खात्याचं दुसरं आणि बिल्टीवर तिसरंच, असं या धंद्यात सर्रास दिसतं. बुकिंग घेणारा एक असतो, गाडी दुसऱ्याची असते आणि नुकसान झालं की दोघे एकमेकांकडे बोट दाखवतात. पत्र दोघांच्याही नावाने लिहा: पैसे घेणारा आणि बिल्टी देणारा. ‘आम्ही फक्त गाडी जुळवून दिली’ हे उत्तर पुरेसं नाही, कारण या कायद्यातल्या वाहतूकदाराच्या व्याख्येत बिल्टीवर न्यायचा माल गोळा करणारे, साठवणारे आणि पुढे पाठवणारेही येतात. पत्ता बिलावरच्या जीएसटी क्रमांकावरून काढा. gst.gov.in वर करदाता शोधण्याची सोय आहे, तिथे तो क्रमांक टाकला की धंद्याचं कायदेशीर नाव आणि मुख्य ठिकाण दिसतं. तो क्रमांकच खोटा निघाला, तर त्या पानाचा स्क्रीनशॉट पत्राला जोडा.

दुसरी गोष्ट गाडीचा क्रमांक. माझ्या मते अख्ख्या प्रकरणातला सर्वांत मोलाचा आणि सर्वांत दुर्लक्षित आकडा हाच. बिल्टीवर भरलेल्या गाडीचा क्रमांक असतो. दाराशी आलेल्या गाडीचा क्रमांक सोसायटीच्या गेटवरच्या नोंदवहीत, सीसीटीव्हीत किंवा तुम्ही काढलेल्या एखाद्या फोटोत सापडतो. हे दोन क्रमांक वेगळे असतील, तर तुमचं सामान वाटेत उतरवून दुसऱ्या गाडीत भरलं गेलं हे सिद्ध करायला आणखी काही लागत नाही. सोसायट्यांचं सीसीटीव्ही चित्रण काही दिवसांतच पुसलं जातं, म्हणून ही चौकशी आजच करा.

तिसरी गोष्ट नगांची संख्या. पॅकिंग लिस्टवर किती नग आहेत, पोचपावतीवर किती आणि प्रत्यक्ष किती आले. खोक्यांवर मार्करने लिहिलेले क्रमांक पाहून न आलेले खोके कोणते ते ठरवा. ‘दोन खोके आले नाहीत’ यापेक्षा ‘३८ पैकी नग क्र. १७ आणि ३१ मिळाले नाहीत’ हे वाक्य कितीतरी भारी पडतं.

हे जुळवून झालं की पत्राचा कणा दिसू लागतो. बहुतेक जण उशीर हा एक परिच्छेद आणि मोडतोड हा दुसरा परिच्छेद असं लिहितात. मग कंपनी उशिराला ‘पाऊस, रस्ता बंद’ असं उत्तर देते, मोडतोडीला ‘पॅकिंगच्या आतलं नुकसान आमचं नाही’ असं सांगते आणि दोन्हीकडून सुटते. वास्तविक उशीर आणि मोडतोड यांचं मूळ बहुधा एकच असतं. तुमच्या एकट्याच्या सामानाने ट्रक भरत नाही. कंपनी ते आपल्या गोडाऊनमध्ये उतरवते, त्याच दिशेचं आणखी दोन-तीन घरांचं सामान जमेपर्यंत तिथेच ठेवते आणि मग मिळेल त्या गाडीत भरते. याला पार्ट लोड म्हणतात. नागपूर-पुणे अंतर साधारण ७०० किलोमीटर. गाडी थेट निघाली तर दोन-तीन दिवसांत दारात असते. उरलेले दिवस सामान रस्त्यावर नव्हतं, गोडाऊनमध्ये होतं. आणि प्रत्येक जादा चढ-उतारात हमाल बदलतात, नाजूक खोकी खाली जातात, जड खोकी वर येतात.

तुमच्या वस्तूच हे सांगतायत, त्या नीट वाचा. कपाट पार्टिकल बोर्डाचं असेल तर ते पाणी खालून शोषतं. फक्त तळाची कड फुगली असेल आणि वरचा भाग कोरडा असेल, तर वरून पाऊस लागलेला नाही. कपाट ओल्या जमिनीवर बराच वेळ उभं होतं. ताडपत्रीतून गळलं असतं तर डाग वरून खाली ओघळले असते. गादीवरची बुरशी एका रात्रीत धरत नाही, ओल आणि कोंदट हवा काही दिवस टिकावी लागते. टीव्हीच्या पडद्यावरच्या भेगा एका बिंदूपासून पसरल्या असतील तर तिथे टोकदार वस्तूचा मार लागला आहे. एकाच बाजूने लांब वाकडी भेग असेल तर टीव्ही आडवा ठेवून त्यावर वजन पडलं असण्याची शक्यता जास्त. असे फोटो काढा: आधी संपूर्ण वस्तू, मग बाजूला मोजपट्टी धरून जवळून, मग तिचं पॅकिंग. फोटो मूळ फाइलमध्येच जपा, कारण व्हॉट्सॲपवरून पाठवलेल्या प्रतीत वेळेचा मूळ तपशील राहत नाही.

वॉशिंग मशीनबद्दल थोडं सविस्तर, कारण तिथे तुमची बाजू कच्ची असू शकते. समोरून उघडणाऱ्या मशीनचा ड्रम स्प्रिंगांवर लटकता असतो. ते हलवताना मागून ट्रान्झिट बोल्ट लावून ड्रम जखडावा लागतो. नाहीतर ड्रम धक्क्यागणिक आत आपटतो, शॉक ॲब्सॉर्बर जातात आणि पुढे फिरताना मशीन धडधडतं. हे बोल्ट मशीन बसवताना काढून ग्राहकाकडे देतात. तुम्ही ते पॅकिंगवाल्यांना दिले होते का? दिले असतील तर पत्रात लिहा. नसतील तर खोटं लिहू नका. ‘मशीन वाहतुकीयोग्य करून बांधणे हे पॅकिंगचे काम तुमच्याकडे होते व त्याचे स्वतंत्र पैसे घेतले आहेत; ट्रान्झिट बोल्टची विचारणा तुमच्या माणसांनी केली नाही’ एवढंच लिहा. यात भरपाई थोडी कमी होऊ शकते, पण एका मुद्द्यावर खोटं पकडलं गेलं तर उरलेल्या चार मुद्द्यांवरचा विश्वास उडतो. सगळ्याच उपकरणांसाठी कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरकडून लेखी अहवाल आणि खर्चाचं अंदाजपत्रक घ्या, आणि त्यात बिघाडाचं कारण लिहायला सांगा. नुसतं ‘मशीन नादुरुस्त’ लिहिलेला कागद फारसा उपयोगाचा नाही.

आता बिल परत हातात घ्या आणि त्यातली ‘ट्रान्झिट इन्शुरन्स’, ‘रिस्क चार्ज’ किंवा ‘एफओव्ही’ अशी ओळ शोधा. समजा तुमचं बिल असं आहे: पॅकिंग ६,०००, भाडं १६,०००, चढ-उतार ४,५०० आणि घोषित किंमत अडीच लाखावर ३ टक्के म्हणजे ७,५०० रुपये ‘ट्रान्झिट रिस्क’. या ७,५०० रुपयांचं काय केलं, हा पत्रातला सर्वांत धारदार प्रश्न आहे. ते विम्यासाठी घेतले असतील तर विमा कंपनीचं नाव, पॉलिसी क्रमांक आणि तुमच्या मालाचं प्रमाणपत्र त्यांनी द्यायला हवं. विमा काढलाच नसेल, तर कलम ११ प्रमाणे जादा जोखीम पत्करण्यासाठी जादा दर घेतला असा त्याचा अर्थ होतो, आणि मग जबाबदारी मर्यादित असल्याचं त्यांना म्हणता येत नाही. दोन्हींपैकी कोणतंही उत्तर दिलं तरी ते बांधले जातात. म्हणून पत्रात आरोप करू नका, प्रश्न विचारा.

विमा खरोखर निघालेला असेल तर विमा कंपनीलाही त्याच दिवशी कळवा आणि सर्व्हेअर येईपर्यंत काहीही टाकू किंवा दुरुस्त करू नका. मात्र मालवाहतुकीच्या विम्यात उशिरामुळे झालेलं नुकसान सहसा वगळलेलं असतं. त्यामुळे विमा असला तरी उशिराची मागणी वाहतूकदाराकडेच करावी लागते.

जादा दर भरलेला नसता तरी काय मिळालं असतं, हे माहीत असलेलं बरं. २०११ च्या नियमांप्रमाणे वाहतूकदाराची साधारण जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंत असते, पण घोषित किमतीपेक्षा जास्त नसते. इथे १६,००० च्या दहापट म्हणजे १,६०,००० रुपये. पुढे काढलेली तुमची एकूण मागणी त्याच्या निम्म्याहूनही कमी आहे. बिल्टीच्या मागे छापलेल्या ‘जबाबदारी कमाल ५,००० रुपये’ अशा ओळीने घाबरून जाऊ नका.

रक्कम ठरवताना नव्या वस्तूची किंमत मागायचा मोह टाळा. दुरुस्त होणाऱ्या वस्तूला अंदाजपत्रकाची रक्कम लावा. कामातून गेलेल्या वस्तूला खरेदी किमतीतून वापराची घट वजा करा. घटीचा दर सगळ्या वस्तूंना एकच ठेवा आणि तो पत्रात सांगून टाका, म्हणजे आकडा हवेतून आल्यासारखा वाटत नाही. दरवर्षी १० टक्के घट धरली, तर ३०,००० ला घेतलेला चार वर्षांचा टीव्ही १८,००० रुपये, २०,००० चं तीन वर्षांचं कपाट १४,००० आणि १०,००० ची तीन वर्षांची गादी ७,००० रुपये होते. मशीनच्या दुरुस्तीचं अंदाजपत्रक ८,६०० आणि दोन खोक्यांतल्या भांड्यांची किंमत ९,५०० धरू. हे झाले ५७,१०० रुपये.

उशिराचं नुकसान पावत्यांवर उभं करा. बावीस दिवस भाड्याने घेतलेला पलंग-गादी आणि बाहेर दिलेली धुलाई यांच्या पावत्या असतील तर ती रक्कम टिकते. ‘फार हाल झाले’ हे खरं असतं, पण त्याला या पत्रात रुपयांत बसवू नका. मानसिक त्रासाची रक्कम आयोगापुढे मागता येते. पत्रात पाच लाखांचा मनस्ताप घातला की समोरचा उरलेले खरे आकडेही गंभीरपणे वाचत नाही.

पत्राचा नमुना असा. तारखा आणि आकडे तुमच्या कागदांवरून भरा. बिल्टी ज्याच्या नावावर आहे त्यानेच सही करावी.

---

स्पीड पोस्ट व ई-मेलद्वारे

दिनांक: ........

प्रति,
१) ........ (बुकिंग घेणारी व रक्कम स्वीकारणारी संस्था, पूर्ण पत्ता)
२) ........ (बिल्टी देणारी संस्था, पूर्ण पत्ता)

विषय: बिल्टी क्र. ........, दि. २ जुलै, नागपूर ते पुणे. घरसामानाचे नुकसान, दोन नग न मिळणे व २२ दिवसांचा विलंब याबाबत कॅरेज बाय रोड ॲक्ट, २००७ च्या कलम १६ अन्वये नोटीस

महोदय,

१. वरील बिल्टीने माझे ३८ नग घरसामान आपण दि. २ जुलै रोजी नागपूर येथे ताब्यात घेतले. पॅकिंग आपल्याच माणसांनी केले. कोटेशनमध्ये दि. ६ जुलैपर्यंत पुणे येथे पोच देण्याचे मान्य केले होते. एकूण ३४,००० रुपये मी अदा केले आहेत.

२. सामान दि. २८ जुलै रोजी पोचले. बिल्टीवरील गाडी क्र. ........ असून प्रत्यक्ष आलेली गाडी क्र. ........ आहे. यावरून सामान वाटेत उतरवून साठवले गेले व दुसऱ्या गाडीत भरले गेले, असे दिसते. याबाबत मला कळवले नाही व माझी संमती घेतली नाही. ते कोठे, कोणत्या तारखांना व कोणाच्या ताब्यात होते, हे लेखी कळवावे.

३. सामान उतरवण्यापूर्वी आपल्या माणसांनी आणखी ४,००० रुपये मागितले व ते दिल्याशिवाय गाडी उघडली नाही. चढ-उताराचे ४,५०० रुपये मूळ बिलात आधीच समाविष्ट आहेत.

४. पोचपावतीवर सही घेतली तेव्हा खोकी बंद होती. ती उघडल्यावर आढळलेले नुकसान मी त्याच दिवशी रात्री फोटोंसह आपणास व्हॉट्सॲपवर कळवले आहे. पावतीवरील छापील मजकूर हा मालाच्या आतील स्थितीबाबत माझे निवेदन नाही.

५. नुकसानीचा तपशील:
नग ४, टीव्ही: पडदा फुटला, दुरुस्ती परवडणारी नाही (अहवाल जोडला आहे). १८,००० रुपये.
नग ६, वॉशिंग मशीन: शॉक ॲब्सॉर्बर तुटले, अंदाजपत्रकाप्रमाणे ८,६०० रुपये.
नग ९, कपाट: तळाचा भाग पाणी शोषून फुगला. १४,००० रुपये.
नग १२, गादी: बुरशी धरली. ७,००० रुपये.
नग १७ व ३१: मिळाले नाहीत, आतील भांड्यांची यादी जोडली आहे. ९,५०० रुपये.
कामातून गेलेल्या वस्तूंच्या खरेदी किमतीतून दरवर्षी १० टक्के घट वजा केली आहे.

६. विलंबामुळे झालेला खर्च, पावत्यांप्रमाणे: ५,९५० रुपये. उतरवताना घेतलेली जादा रक्कम: ४,००० रुपये.

७. एकूण मागणी: ६७,०५० रुपये.

८. बिलात ‘ट्रान्झिट रिस्क’ म्हणून ७,५०० रुपये घेतले आहेत. त्यातून विमा काढला असल्यास विमा कंपनीचे नाव, पॉलिसी क्रमांक व प्रमाणपत्राची प्रत द्यावी. काढला नसल्यास ही रक्कम कोणत्या जोखमीसाठी घेतली, ते लेखी कळवावे.

९. नग १७ व ३१ चा शोध घेऊन सात दिवसांत कळवावे. नुकसान झालेल्या वस्तू पाहणीसाठी ........ पर्यंत जपून ठेवल्या आहेत. आपला प्रतिनिधी आधी वेळ ठरवून पाहणी करू शकतो.

१०. ही नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत वरील रक्कम न मिळाल्यास मी ग्राहक आयोगात तक्रार दाखल करेन. माझे सर्व हक्क राखून ठेवले आहेत.

आपला/आपली,
(सही, नाव, पत्ता)

सोबत: कोटेशन, बिल, बिल्टी, पॅकिंग लिस्ट, पोचपावती, पैसे दिल्याच्या नोंदी, फोटो, सर्व्हिस सेंटरचे अहवाल, खरेदीची बिले, विलंबाच्या खर्चाच्या पावत्या यांच्या प्रती.

---

नवव्या मुद्द्यातली पाहणीची तारीख गाळू नका. पुढे ‘आम्हाला माल दाखवलाच नाही’ म्हणायची वाट त्याने बंद होते, आणि ती तारीख उलटली की फुगलेलं कपाट तुम्ही मोकळ्या मनाने बाहेर काढू शकता. चौथ्या मुद्द्यातलं व्हॉट्सॲपचं वाक्य मात्र खरं असेल तरच ठेवा. दोन दिवसांनी कळवलं असेल तर दोन दिवसांनी असं लिहा.

उत्तर आलं तर त्यात काय असेल हे जवळपास ठरलेलं आहे. ‘ओनर्स रिस्क’ बद्दल: कलम १२ प्रमाणे वाहतूकदाराचा निष्काळजीपणा सिद्ध करण्याचा बोजा तुमच्यावर नाही. माल ताब्यात असताना बिघडला एवढं तुम्ही दाखवायचं, आपली चूक नव्हती हे त्याने सिद्ध करायचं. बिल्टीवरचे ‘ओनर्स रिस्क’ हे दोन शब्द वाहतूकदाराला निष्काळजीपणातून सोडवत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये, जुना १८६५ चा कायदा लागू असताना, नाथ ब्रदर्स एक्झिमच्या निकालात स्पष्ट केलं आहे. चोवीस तासांच्या अटीबद्दल: कायदा १८० दिवस देतो, त्यामुळे कंपनीने स्वतः छापलेल्या चोवीस तासांनी तुमची नोटीस उशिराची ठरत नाही. तरी त्याच दिवशी पाठवलेला संदेश असेल तर तो मजबूत पुरावा आहे, म्हणून तो पत्रात आलाच पाहिजे.

पावसाचं कारण येणारच. कलम १७ मध्ये नैसर्गिक आपत्तीची सूट आहे, पण पुरेशी काळजी घेऊन जे टाळता आलं असतं त्याला ती सूट लागू होत नाही. जुलैत महाराष्ट्रात पाऊस पडतो हे वाहतुकीच्या धंद्यातल्या माणसाला नवं नाही, आणि कपाटाखाली लाकडी फळी ठेवणं ही काही विशेष दक्षता म्हणता येणार नाही. कोणी ‘ई-वे बिलासाठी गाडी अडकली’ म्हणालं, तर वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिलाची गरजच नसते, एवढं एका ओळीत कळवा.

पाठवताना दोन्ही पत्त्यांवर वेगवेगळी पाकिटं स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोच मिळण्याची सोय घ्या. रजिस्टर्ड पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टातच विलीन झालं आहे, त्यामुळे खिडकीवर ते वेगळं मागू नका. ‘डिलिव्हर्ड’ दिसताच ट्रॅकिंगचं पान छापून ठेवा. पाकीट ‘पत्त्यावर राहत नाहीत’ किंवा ‘घेण्यास नकार’ अशा शेऱ्याने परत आलं तर ते फोडू नका, बंदच ठेवा. योग्य पत्त्यावर पाठवल्याचा तो पुरावा आहे. त्याच दिवशी तेच पत्र पीडीएफ करून बिलावरच्या ई-मेलवरही टाका.

पत्र पोचल्यावर बहुतेक वेळा फोन येतो आणि दहा-पंधरा हजारांत मिटवायची तयारी दाखवली जाते. फोनवर होकार देऊ नका, लेखी मागा. रक्कम स्वीकारायची असेल, पण उरलेलीही हवी असेल, तर ‘अंशतः रक्कम, उरलेल्या मागणीचा हक्क राखून’ असं लिहूनच घ्या. ‘फुल अँड फायनल’ लिहिलेल्या कागदावर सही झाली की पुढचा रस्ता जवळजवळ बंद होतो.

पंधरा दिवसांत काही झालं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. काही कंपन्या तिथूनच हलतात. न हललेल्यांसाठी जिल्हा ग्राहक आयोग आहे. तुम्ही आता पुण्यात राहता, त्यामुळे कंपनी नागपूरची असली तरी तक्रार पुण्यात करता येते, ही सोय २०१९ च्या कायद्याने दिली आहे. सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही, आणि तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षे आहे. पण ही दोन वर्षं आणि वरचे १८० दिवस यांची गल्लत करू नका. तक्रार दोन वर्षांत चालेल, नोटीस मात्र डिसेंबरच्या त्या तारखेआधीच पोचलेली असायला हवी.